पूर्णांकांतील आयडियलांची बेरीज, छेद आणि गुणाकार : मसावि व लसावि त्यांत कोठून येतात

प्रश्न : एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला वलयांचा सिद्धांत शिकत आहे. (a) + (b) म्हणजे मसावि आणि (a) ∩ (b) म्हणजे लसावि हे पाठ आहे, पण मनाला पटत नाही. बेरीज केल्यावर संख्या लहान कशी होते आणि छेद घेतल्यावर मोठी कशी होते? शिवाय गुणाकार कधी छेदाइतकाच येतो आणि कधी येत नाही, हे नेमके कशावरून ठरते?

उत्तर :

गोंधळाचे मूळ एकाच ठिकाणी आहे. (a) हे चिन्ह पाहताना आपली नजर a या संख्येवर खिळते, पण बेरीज आणि छेद या क्रिया त्या संख्येवर होत नसून तिच्या सर्व पटींच्या संचावर होतात. (१३) मध्ये १३ च्या सगळ्या पटी आहेत, ऋण पटी आणि शून्य धरून. २२१ ही १३ ची १७ पट असल्यामुळे २२१ ची प्रत्येक पट १३ चीही पट असते, म्हणून (२२१) हा संच (१३) च्या पोटात सामावतो. संख्या मोठी, पण संच लहान. नेमके विधान असे की (a) ⊆ (b) हे तेव्हा आणि तेव्हाच खरे असते, जेव्हा b ने a ला निःशेष भाग जातो. सिद्धता एका ओळीची आहे : (a) हा (b) मध्ये असेल तर a स्वतः b ची पट आहे, आणि a ही b ची पट असेल तर a च्या साऱ्या पटीही b च्या पटी आहेत.

येथे ‘लहान’ आणि ‘मोठे’ हे शब्द मात्र जपून वापरावे लागतात. ५ ही ७ पेक्षा लहान आहे, म्हणून (७) हा (५) मध्ये सामावतो असे मुळीच नाही. या दोघांपैकी कोणीही दुसऱ्यात सामावत नाही. संचांमधील सामावणे हे संख्यांमधील विभाज्यतेचे प्रतिबिंब आहे, संख्यांच्या आकाराचे नव्हे, आणि ते प्रतिबिंब दिशा उलटवून पडते. रिचर्ड डेडेकिंड यांनी १८७१ मध्ये आयडियलाची कल्पना मांडली तेव्हा त्यांनी हीच गोष्ट पायाशी ठेवली होती : एका आयडियलाने दुसऱ्याला सामावणे म्हणजेच त्याला भागणे. एवढे मनात पक्के बसले की तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग जवळजवळ आपोआप सुटतो.

त्याआधी पूर्णांकांचा एक खास गुण सांगितला पाहिजे, कारण पुढचे सारे त्याच्यावर उभे आहे. Z मधील प्रत्येक आयडियल एकाच संख्येच्या पटींनी बनलेले असते. समजा I हे शून्याहून वेगळे आयडियल आहे. त्यातील सर्वांत लहान धन संख्या d घ्या. I मधील कोणत्याही संख्येला d ने भागा. जी बाकी उरेल ती मूळ संख्येतून d ची एक पट वजा करून मिळालेली असल्यामुळे I मध्येच राहते, आणि ती d पेक्षा लहान आहे. d च सर्वांत लहान धन घटक असल्यामुळे बाकीला शून्य होण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून I = (d). शाळेत शिकलेला ‘भाज्य = भाजक × भागाकार + बाकी’ हा नियम सोडला, तर येथे दुसरे काहीच लागले नाही.

आता बेरजेकडे वळू. I + J म्हणजे I मधील एक आणि J मधील एक घटक घेऊन केलेल्या सर्व बेरजांचा संच. तो आयडियल आहे, त्यात I आणि J दोन्ही आहेत, आणि I व J यांना सामावणाऱ्या कोणत्याही आयडियलात या बेरजा असाव्याच लागतात. थोडक्यात, दोघांना सामावणारे सर्वांत लहान आयडियल म्हणजे I + J. आता I = (a), J = (b) आणि I + J = (d) असे घेऊन हे वाक्य विभाज्यतेच्या भाषेत वाचा. (a) आणि (b) दोन्ही (d) मध्ये आहेत, म्हणजे d हा दोघांचा सामाईक विभाजक आहे. दुसरा कोणताही सामाईक विभाजक c असेल, तर (c) मध्येही दोन्ही संच आहेत, म्हणून (d) हा (c) मध्ये आहे, म्हणजे c ने d ला भाग जातो. यालाच आपण मसावि म्हणतो. दोन संच एकत्र आणल्यावर संच वाढला, आणि संच वाढला म्हणूनच त्याची जनक संख्या विभाज्यतेच्या अर्थाने खाली आली. यात विपरीत काही नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, आणि ते आपल्याच परंपरेतले घेऊ, कारण ते येथे तंतोतंत बसते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत कुट्टकाचे उदाहरण आहे : अशी संख्या सांगा की तिने २२१ ला गुणून त्यात ६५ मिळवले असता १९५ ने निःशेष भाग जाईल. आजच्या चिन्हांत २२१x + ६५ = १९५y. म्हणजे विचारले आहे ते एवढेच की ६५ ही संख्या १९५y − २२१x या रूपात लिहिता येते का. आणि तोच प्रश्न आयडियलांच्या भाषेत असा होतो की ६५ हा (२२१) + (१९५) चा घटक आहे का.

युक्लिडच्या रीतीने भागत जाऊ.

```
221 = 1 × 195 + 26
195 = 7 × 26 + 13
 26 = 2 × 13
```

मसावि १३ आला. आता खालून वर जात १३ = १९५ − ७ × २६, आणि २६ च्या जागी २२१ − १९५ ठेवले की १३ = ८ × १९५ − ७ × २२१ मिळते. पडताळा सोपा आहे : १५६० − १५४७ = १३. म्हणजे १३ ही संख्या खरोखरच बेरजेच्या आयडियलात आहे, आणि (२२१) + (१९५) = (१३). ६५ ही १३ ची पाचपट असल्यामुळे उदाहरण सुटते : ६५ = ४० × १९५ − ३५ × २२१, म्हणून x = ३५, y = ४० हे एक उत्तर झाले. क्षेप ६५ ऐवजी ६६ असता तर ६६ हा (१३) मध्ये नाही, म्हणून उत्तर संभवलेच नसते. भास्कराचार्यांनी हाच निकष सांगितला आहे : भाज्य आणि हार ज्या संख्येने छेदले जातात तिने क्षेप छेदला जात नसेल, तर उदाहरणच दुष्ट समजावे. बाराव्या शतकातील हे वाक्य आणि ‘(a) + (b) = (d)’ हे समीकरण यांत आशयाचा फरक नाही, आणि मला हे साम्य फार मोलाचे वाटते.

उत्तरपत्रिकांत या ठिकाणी दोन चुका हमखास दिसतात. पहिली म्हणजे बेरजेच्या जागी संयोग घेणे. (२२१) ∪ (१९५) मध्ये २२१ आहे, १९५ आहे, पण त्यांची वजाबाकी २६ नाही, त्यामुळे तो संच आयडियल होतच नाही. दुसरी चूक म्हणजे (a) + (b) = (a + b) असे लिहिणे. २२१ + १९५ = ४१६, आणि ४१६ = १३ × ३२. (४१६) हा बेरजेच्या आयडियलाचा फार छोटा तुकडा आहे. त्यात २२१ सुद्धा नाही. I आणि J मधून घटक स्वतंत्रपणे निवडायचे असतात, एकाच गुणकाने बांधलेले नव्हेत, हे येथे विसरले जाते.

छेदाचा युक्तिवाद हाच आहे, फक्त दिशा बदलायची. I ∩ J हे दोघांमध्येही सामावणारे सर्वांत मोठे आयडियल. ते (m) असेल, तर m ही a ची आणि b ची दोघांचीही पट आहे, आणि दोघांची कोणतीही सामाईक पट (m) मध्ये असल्यामुळे ती m ची पट आहे. म्हणून m हा लसावि. आपल्या उदाहरणात २२१ = १३ × १७ आणि १९५ = ३ × ५ × १३, म्हणून (२२१) ∩ (१९५) = (३३१५).

कुट्टकात या छेदालाही स्वतःचे काम आहे. बेरीज सांगते की उत्तर आहे की नाही. छेद सांगतो की उत्तरे किती मोकळी आहेत. समजा त्याच समीकरणाची दोन उत्तरे आहेत. त्यांची वजाबाकी केली की क्षेप निघून जातो आणि २२१ × (x मधील फरक) = १९५ × (y मधील फरक) एवढे उरते. ही संख्या २२१ चीही पट आहे आणि १९५ चीही, म्हणजे ती (३३१५) मध्ये आहे. म्हणून x नेहमी ३३१५ ÷ २२१ = १५ च्या पटींनी हलतो आणि y हा ३३१५ ÷ १९५ = १७ च्या पटींनी. ३५ मधून १५ दोनदा आणि ४० मधून १७ दोनदा वजा केले की x = ५, y = ६ हे सर्वांत लहान उत्तर मिळते : २२१ × ५ + ६५ = ११७०, आणि १९५ × ६ सुद्धा ११७०.

आता गुणाकार, जेथे तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग येतो. IJ म्हणजे I मधील घटक गुणिले J मधील घटक अशा गुणाकारांच्या सर्व सान्त बेरजांचा संच. व्याख्येत ‘बेरजा’ का आहेत हे Z मध्ये दिसत नाही, कारण (a) मधील ra आणि (b) मधील sb यांचा गुणाकार rs × ab असतो. हे सारे ab च्या पटी आहेत आणि त्यांच्या बेरजाही तशाच. म्हणून (a)(b) = (ab), आणि बेरजांची तरतूद येथे अनावश्यक वाटते. ती का अनावश्यक नाही हे शेवटी येईल.

गुणाकारातील प्रत्येक घटक I मध्येही असतो आणि J मध्येही, म्हणून IJ ⊆ I ∩ J ⊆ I ⊆ I + J ही साखळी कोणत्याही क्रमनिरपेक्ष वलयात टिकते. आपल्या उदाहरणात ती ४३०९५, ३३१५, २२१, १३ अशी दिसते. प्रत्येक संख्येला पुढच्या संख्येने भाग जातो. तुमचे उत्तर या साखळीत बसत नसेल तर आकडेमोड चुकली आहे हे लगेच समजते.

गुणाकार आणि छेद यांतील अंतर किती? मूळ अवयवांकडे पाहा. १३ हा २२१ मध्ये एकदा आहे आणि १९५ मध्येही एकदा. गुणाकारात तो दोनदा मोजला जातो, छेदात एकदाच पुरतो, आणि जास्तीचा तो एक १३ म्हणजेच मसावि. म्हणून ३३१५ × १३ = ४३०९५, आणि सर्वसाधारणपणे (I + J)(I ∩ J) = IJ. शाळेतील ‘लसावि × मसावि = दोन संख्यांचा गुणाकार’ तो हाच.

अवयव न पाडताही हे दिसते, आणि मला ती वाट अधिक बोलकी वाटते. समरूपतेच्या दुसऱ्या प्रमेयानुसार (I + J)/I आणि J/(I ∩ J) ही भागवलये नसली तरी गट म्हणून समरूप असतात, म्हणून त्यांची घटकसंख्या सारखी असते. डावीकडे (१३) मध्ये (२२१) चे २२१ ÷ १३ = १७ वर्ग पडतात; उजवीकडे (१९५) मध्ये (३३१५) चे ३३१५ ÷ १९५ = १७. अक्षरांत लिहिले तर a ÷ d = m ÷ b, म्हणजेच dm = ab. लसावि आणि मसावि यांचे नाते हे मुळात अशा मोजणीचे नाते आहे.

यावरून a आणि b शून्याहून वेगळे असताना IJ = I ∩ J हे तेव्हाच घडते जेव्हा d = १, म्हणजे दोन्ही संख्या सहमूळ असतात आणि I + J हे सारे Z असते. १५ आणि १७ घ्या. ८ × १५ − ७ × १७ = १. आता t ही दोघांची सामाईक पट असेल, तर या समीकरणाला t ने गुणा : t = ८ × १५ × t − ७ × १७ × t. पहिल्या पदात १५ समोरच आहे आणि t ही १७ ची पट आहे; दुसऱ्यात १७ आहे आणि t ही १५ ची पट आहे. दोन्ही पदे २५५ च्या पटी झाल्या, म्हणून t सुद्धा. या सिद्धतेत मूळ अवयव कोठेही लागले नाहीत. १ हा I मधील एक घटक आणि J मधील एक घटक यांची बेरीज आहे एवढेच लागले. म्हणून ती कोणत्याही क्रमनिरपेक्ष, एकक असलेल्या वलयात जशीच्या तशी चालते. याच्या उलट टोकाला I = J = (१२) घ्या : छेद (१२), गुणाकार (१४४).

दोनवरून तीन आयडियलांवर जाताना सावध राहावे. (६), (१०), (१५) यांची बेरीज सारे Z आहे, कारण ६ + १० − १५ = १. तरीही छेद (३०) आणि गुणाकार (९००). तिघांचा मिळून मसावि १ असणे पुरेसे नाही, प्रत्येक जोडी सहमूळ असावी लागते; आणि ‘बेरीज × छेद = गुणाकार’ हे सूत्र तीन आयडियलांना लावता येत नाही. त्याच्या जागी Z मध्ये (I ∩ J ∩ K)(IJ + JK + KI) = IJK हे खरे आहे. येथे ६०, १५० आणि ९० यांचा मसावि ३०, आणि ३० × ३० = ९००.

शून्याबद्दल दोनच वाक्ये पुरेत. (a) + (०) = (a) आणि (a) ∩ (०) = (०), म्हणून a धन असताना a आणि ० यांचा मसावि a, लसावि ०. दोन्ही संख्या शून्य असतील तर ‘सर्वांत मोठा विभाजक’ ही शाळेतील व्याख्या कोलमडते, कारण प्रत्येक धन पूर्णांकाने शून्याला भाग जातो. आयडियलांची व्याख्या मात्र निःशंकपणे ० हे उत्तर देते.

आता मर्यादा. पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदींच्या Z[x] या वलयात २ आणि x यांचे सामाईक विभाजक फक्त १ आणि −१ आहेत, म्हणून मसावि १. पण (२) + (x) हे सारे वलय नाही : त्यातील प्रत्येक बहुपदीचे स्थिर पद सम असते, म्हणून १ त्यात येऊ शकत नाही. ते कोणत्याही एका बहुपदीच्या पटींनी बनलेलेही नाही. मसावि आहे, पण तो दोघांच्या पटींच्या बेरजेने मिळत नाही. Z मध्ये ज्या पायरीवर आपण बाकी शून्य ठरवली होती, ती पायरी येथे उपलब्ध नाही.

लसावि मात्र येथेही छेदातूनच मिळतो : (२) ∩ (x) = (२x), आणि गुणाकारही (२x). म्हणजे बेरीज सारे वलय नसतानाही छेद आणि गुणाकार समान आले. ‘तेव्हाच’ हा शब्द Z पुरताच होता. ‘बेरीज × छेद’ हे सूत्रही मोडते, कारण (२, x)(२x) = (४x, २x²), आणि त्यात २x नाही. उरला तो व्याख्येतील बेरजांचा प्रश्न. I = (२, x) घेऊन I × I पाहा. ४ आणि x² दोन्ही त्यात आहेत, म्हणून x² + ४ सुद्धा आहे. पण x² + ४ चे Z[x] मध्ये खरे अवयव पडत नाहीत. ते दोन घटकांचा गुणाकार म्हणून लिहायचे तर एक घटक १ किंवा −१ असावा लागतो, आणि तो I मध्ये नाही. म्हणजे नुसत्या गुणाकारांचा संच घेतला असता तर तो बेरजेखाली बंद राहिला नसता.

Z आणि Z[x] यांच्या मधली एक पायरी आहे, आणि डेडेकिंड यांचे काम तेथलेच आहे. Z[√−५] मध्ये २ आणि १ + √−५ यांना १ व −१ यांखेरीज सामाईक विभाजक नाही, तरीही (२) + (१ + √−५) हे सारे वलय नाही आणि एका घटकाच्या पटींनीही बनलेले नाही. संख्यांमध्ये शोधून न सापडणारा मसावि येथे आयडियलाच्या रूपात मात्र हजर आहे : त्या बेरजेचा वर्ग केला तर बरोबर (२) मिळतो. आणि (I + J)(I ∩ J) = IJ हे सूत्र, जे Z[x] मध्ये मोडले, ते या वलयात सर्व आयडियलांसाठी खरे राहते.